मुलाखतीआधीचं गेट

मुलाखतीचं बोलावणं आलं की बरेच जण ‘थँक यू सर, येतो’ एवढंच कळवून मोकळे होतात. पत्ता विचारला तर आपण बावळट ठरू, असं त्यांना वाटतं. खरं तर तुमच्या या उत्तरावरूनच एचआरचा माणूस गेटपास करतो, आणि गेटवरच्या सुरक्षारक्षकाला तुमच्या गुणांशी काही देणंघेणं नसतं. त्याला यादीतलं नाव दिसलं पाहिजे.

हिंजवडीचंच घ्या. मेलमध्ये नुसतं ‘हिंजवडी, पुणे’ लिहिलेलं असतं. पण तिथल्या आयटी पार्कचे तीन फेज आहेत आणि एकाच कंपनीच्या इमारती वेगवेगळ्या फेजमध्ये असू शकतात. सकाळच्या गर्दीत चुकीच्या फेजला उतरलात, तर अकराची वेळ हुकलीच म्हणून समजा.

समजा, लातूरहून एक मुलगी गुरुवारच्या मुलाखतीला येणार आहे. पदवीच्या कागदांवर आणि अर्जात माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. तिनं असं लिहावं:

“नमस्कार. गुरुवारी सकाळी 11 वाजता मुलाखतीसाठी प्रत्यक्ष येत आहे. कोणता फेज, कोणती इमारत आणि कोणतं गेट, ते कृपया कळवावं. पास आधी तयार असेल की गेटवर करावा लागेल? लॅपटॉप आणायचा आहे का? मूळ कागदपत्रं लागतील की प्रती चालतील? आधारवर माझं लग्नानंतरचं नाव आहे, कृपया पास त्याच नावानं करावा. गेटवर अडचण आल्यास कुणाला फोन करू?”

यातलं शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात मोलाचं. पासवर एक नाव आणि ओळखपत्रावर दुसरं असलं, की रक्षक आत फोन लावतो. तिकडे कुणी उचलला नाही तर तुम्ही गेटवरच. दोन्ही नावं जोडणारा विवाह नोंदणीचा दाखला तिनं पिशवीत ठेवावाच. लॅपटॉपचंही तसंच. बऱ्याच ठिकाणी त्याचा सिरियल नंबर आत जाताना नोंदवतात आणि बाहेर पडताना ताडून बघतात. नको असेल तर आणूच नये.

हे उत्तर आदल्या रात्री पाठवून उपयोग नाही. मुलाखत सोमवारी असेल तर शुक्रवारी दुपारपर्यंत जायला हवं, कारण शनिवार-रविवारी पास करायला सहसा कुणी बसलेलं नसतं.

कागदपत्रांत फोटो असलेलं मूळ ओळखपत्र, गुणपत्रिका, आणि आधी नोकरी केली असेल तर पगारपत्रकं नि रिलिव्हिंग लेटर. आधारची प्रत द्यायचीच झाली तर मास्क्ड आधार चालेल का, हे विचारावं. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. मूळ कागद दाखवावेत आणि लगेच परत घ्यावेत. गेटपाससाठी किंवा पडताळणीसाठी कुणी पैसे मागितले, तर गाडीचं तिकीट रद्द करावं.