सुरमईचे २४०० रुपये

अलिबागच्या सहलीचा खर्च एकाने केला, बाकीच्यांनी वाटा दिला, एकाचे २४०० रुपये राहिले. आता काय लिहायचं?

पहिली गोष्ट, ग्रुपवर लिहू नका. चौघांसमोर मागितलेले पैसे मित्राला टोचतातच, मग विनोद कितीही चांगला असो. त्याला एकट्याला पाठवा: ‘अरे, अलिबागच्या सुरमईचे तुझे २४०० रुपये अजून माझ्या खात्यात पोहत आले नाहीत. शुक्रवारपर्यंत पाठवशील? क्यूआर सोबत आहे.’

इथे गंमत सुरमईची आहे, मित्राच्या विसराळूपणाची किंवा खिशाची नाही. ‘कंजूष’, ‘बुडवलेस की काय’ हे शब्द हसत लिहिले तरी आरोपच ठरतात. रक्कम, कारण आणि वार मात्र सरळ लिहावेत. त्यांत विनोद मिसळला की मागणीच गंमत वाटते. क्यूआर आठवणीने जोडा, कारण ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर मित्राला थेट पैशांची विनंती धाडण्याची सोय बंद झाली आहे.

उत्तरात नुसती हसरी इमोजी आली, वार आला नाही, तर विनोदानं काम केलेलं नाही असं समजावं. तेव्हा त्याच दिवशी विचारा: ‘शुक्रवार जमेल ना?’ शुक्रवारही कोरडा गेला, तर दुसरा संदेश गंमतीविना लिहावा: ‘हात तंग असेल तर मोकळेपणानं सांग. १२०० आता, १२०० पुढच्या पगाराला चालतील. फक्त तारीख कळव.’ अडचणीतल्या मित्राला हप्त्याची वाट विनोदापेक्षा जास्त दिलासा देते.