पाणी मारावे, की मारलेच पाहिजे?

स्लॅब टाकून झाला की साइटवर सूचना लागते: 'दहा दिवस पाणी मारावे.' मराठी चोख आहे. पण सातव्या दिवशी टँकर आला नाही, की मुकादम ती सल्ला म्हणून वाचतो आणि इंजिनिअर हुकूम म्हणून. 'करावे' या रूपात दोन्ही अर्थ बसतात.

इंग्रजी तांत्रिक दस्तऐवजांत ही कामे वाटून दिलेली असतात. 'शॅल' म्हणजे अट. ती मोडली तर काम मानकानुसार झाले नाही. 'शुड' म्हणजे शिफारस. सबळ कारण असेल तर ती बाजूला ठेवता येते. 'मे' म्हणजे मुभा. ती घेतली नाही तरी कोणी जाब विचारत नाही.

काँक्रीटचे भारतीय मानक, आयएस 456:2000, पाहू. साध्या पोर्टलँड सिमेंटचे काँक्रीट किमान 7 दिवस सतत ओले ठेवायचे, मिश्र सिमेंट असेल तर किमान 10 दिवस. इथे 'शॅल' आहे. गोणीवर 'पीपीसी' छापलेले असेल तर ते मिश्र सिमेंट, म्हणजे दहा दिवसांना पर्याय नाही. त्यापुढे मिश्र सिमेंटसाठी मुदत 14 दिवसांपर्यंत वाढवण्याची फक्त शिफारस आहे. मराठी सूचनेत दोन्हीकडे 'मारावे' लिहिले, की दहा आणि चौदा एकाच वजनाचे होतात.

मग मराठीत लिहायचे कसे? कायद्याच्या भाषेत 'शॅल'साठी 'असेल', 'करील' अशी भविष्यकाळी रूपे येतात. साइटवर ती चालत नाहीत. 'पाणी स्वच्छ असेल' हे 'दादा घरी असेल'सारखे, अंदाजाने बोलल्यासारखे वाटते. त्यापेक्षा 'पाणी दहा दिवस मारलेच पाहिजे. चौदा दिवस मारावे, अशी शिफारस आहे' हे सरळ. मुभेसाठी 'शकतो' टाळलेला बरा, कारण त्यातून ताकद, शक्यता आणि परवानगी असे तिन्ही अर्थ निघतात. 'वापरण्यास मुभा आहे' यात तो घोळ नाही.

नकारात गाडी उलट्या दिशेने घसरते. याच मानकात समुद्राच्या पाण्याची 'शिफारस नाही', पण नाइलाज असेल तर, तोटे लक्षात घेऊन, सळई नसलेल्या काँक्रीटसाठी मुभा आहे. 'समुद्राचे पाणी वापरू नये' असे भाषांतर केले, तर 'येथे थुंकू नये'च्या पाट्या वाचलेला माणूस त्याला बंदीच समजणार, आणि पुढची मुभा त्याला विसंगत वाटणार. म्हणून इथे 'वापरण्याची शिफारस नाही' असेच लिहावे आणि खऱ्या बंदीसाठी 'वापरता कामा नये' राखून ठेवावे.

कोणत्या रूपाचा काय अर्थ, हे दस्तऐवजाच्या पहिल्या पानावर सांगून टाकले की वाद कमी होतात. मात्र छपाईआधी एखादा साक्षेपी संपादक 'पाहिजे, पाहिजे' कानाला खटकते म्हणून मधल्या दोन ठिकाणी 'करावे' करतो, आणि दोन अटी कोणाच्या नकळत शिफारशी होऊन बसतात.