कोऱ्या पाण्याचा थरथराट

पाण्यातलं लोह मोजताना फिनॅन्थ्रोलीन घातलं की नारिंगी रंग येतो. 1 सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये, अंतिम द्रावणात लिटरमागे 1 मिलिग्रॅम लोह असेल तर शोषण साधारण 0.20 भरतं. हा झाला प्रमाणरेषेचा उतार.

आता लोह न घातलेलं, पण सगळे अभिकारक घातलेलं कोरं द्रावण घ्या. दहा वेळा तयार केलं, तर दहाही आकडे थोडे वेगळे येतात. समजा त्यांचं प्रमाण विचलन 0.0012 आहे. त्याला 3.3 ने गुणून उताराने भागलं की 0.02 मिलिग्रॅम मिळतात, ही शोधमर्यादा. 10 ने गुणलं तर 0.06, ही मापनमर्यादा. नमुना 0.04 दाखवत असेल, तर लोह आहे एवढंच म्हणता येतं. किती आहे, हे भरवशाने सांगता येत नाही.

खरी चूक कोऱ्या द्रावणातच होते. एकच क्युव्हेट दहा वेळा वाचली तर विचलन 0.0003 येईल आणि मर्यादा चौपट चांगली भासेल. पण तो फक्त यंत्राचा थरथराट. अमोनियम ॲसिटेटमधलं किंचित लोह, पिपेटची चूक, भांड्याचा डाग यांतलं काहीच त्यात उतरत नाही. म्हणून प्रत्येक कोरं द्रावण पहिल्यापासून वेगळं बनवावं, याबाबत मी आग्रही आहे.

5 सेंटिमीटरची क्युव्हेट वापरल्याने उतार पाचपट होतो खरा, पण अभिकारकांतल्या लोहाचा चढउतारही पाचपट होतो.

पडताळणीसाठी 0.06 मिलिग्रॅमची दहा द्रावणं करून पाहावीत. त्यांचं विचलन सरासरीच्या 10 टक्क्यांहून बरंच जास्त आलं, तर ती मापनमर्यादा कागदावरचीच होती.