‘दोन-तीन बदल’ म्हणजे नक्की किती?

कोल्हापूरचा एक छोटा मसाला उत्पादक आणि पुण्यात घरून काम करणारी एक डिझायनर यांच्यात फोनवर बोलणं झालं, असं समजू. बोलणं 35 मिनिटांचं, दोघांनाही ठाऊक असताना रेकॉर्ड केलेलं. सुरुवातीला तो म्हणतो, “सहा मसाल्यांची लेबलं हवीत.” बाराव्या मिनिटाला सूर बदलतो: “बिर्याणी आणि पावभाजी सध्या राहू द्या, चारच करू.” फोन ठेवता ठेवता आणखी एक: “त्यातच छोटासा लोगोही करून टाका ना, ताई.” त्यावर ती हसून म्हणते, “लोगोचं वेगळं असतं, बघू.” पैशांची बोलणी 40 हजारांवर सुरू होतात, 30 वर घसरतात आणि 36 वर थांबतात. बदल? “दोन-तीन वेळा द्या करून.”

अशा बोलण्याचा सारांश काढताना पहिली चूक होते ती क्रमाने लिहीत जाण्याची. बोलणं जसं झालं तसं उतरवलं, तर सहाही लेबलं कागदावर येतात आणि 40 हजारही. खरं तर प्रत्येक मुद्द्यावरचा शेवटचा ठरलेला शब्द शोधायचा असतो. त्यासाठी रेकॉर्डिंग दोनदा ऐकावं. पहिल्यांदा नुसतं ऐकावं. दुसऱ्यांदा काम, पैसे, बदल आणि मुदत यांविषयीचं प्रत्येक वाक्य मिनिटासकट टिपून घ्यावं. मग दिसतं की 36 हजारांवर तो “चालेल, करा सुरू” म्हणाला आहे, म्हणजे ते ठरलं. लोगोवर मात्र फक्त “बघू” आहे. आपल्याकडे “बघू” हा बहुधा सभ्य नकार असतो, पण समोरच्याला तो होकार वाटू शकतो. म्हणून लोगो संदेशातून गुपचूप गाळायचा नाही. या कामात तो नाही, असं स्पष्ट लिहायचं.

बदलांचा मुद्दा सगळ्यांत चिवट. “दोन-तीन” हा आकडा नव्हे, आणि त्याचे आपल्या सोयीने दोन करणं म्हणजे न झालेला करार झाला असं लिहिणं. जे ठरलेलं नाही ते प्रस्ताव म्हणूनच मांडावं. शिवाय ‘एक बदल’ म्हणजे काय, हेही सांगावं लागतं. नाहीतर सोमवारी रंग, बुधवारी अक्षरं आणि शुक्रवारी वहिनींची सूचना, असे तीन निरोप येतात आणि तो त्यांना मिळून एकच बदल समजतो. खाद्यपदार्थाच्या लेबलवर घटक, निव्वळ वजन, शाकाहाराचं चिन्ह, परवाना क्रमांक असा बराच मजकूर लागतो. तो कोण देणार आणि नंतर त्याच्याच मजकुरात चूक निघाली तर ती दुरुस्ती कशात मोजायची, हा प्रश्न फोनवर बहुतेक वेळा कुणी काढतच नाही.

एवढं लक्षात घेऊन तिचा संदेश असा होईल:

“नमस्कार दादा. आजच्या बोलण्यानुसार: चार मसाल्यांची लेबलं, प्रत्येकी एक, छपाईयोग्य पीडीएफ स्वरूपात. मोबदला एकूण 36,000 रुपये. 18,000 आधी, 18,000 अंतिम फाइल देण्यापूर्वी. माझी जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे वर कर नाही. आगाऊ रक्कम आणि लेबलचा पूर्ण मजकूर मिळाल्यापासून 15 दिवसांत पहिला नमुना. लोगो, छपाई आणि फोटो यात नाहीत. लोगोचा खर्च हवा असल्यास वेगळा कळवते.
बदलांचा आकडा नक्की झाला नव्हता. माझा प्रस्ताव: दोन फेऱ्या. एक फेरी म्हणजे चारही लेबलांवरच्या सगळ्या सूचना तुमच्याकडून एकत्र, एकाच वेळी. त्यापुढे, किंवा मंजुरीनंतर मजकूर बदलल्यास, दर फेरीला 1,500 रुपये. यातलं काही वेगळं ठरलं होतं असं वाटलं तर सांगा. नाहीतर ‘मान्य’ असं लिहून पाठवा, म्हणजे काम सुरू करते.”

15 दिवस हे फोनवर ठरलेलं होतं, पण कधीपासून ते नव्हतं. मोजणीची सुरुवात पैसे आणि मजकूर यांना बांधली नाही, तर उशीर त्याचा आणि बोल तिला.

एक गोष्ट मात्र अशा संदेशावर भागत नाही. नोकरीत नसलेल्या डिझायनरने केलेल्या लेबलचा कॉपीराइट साधारणपणे तिचाच राहतो आणि 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो दुसऱ्याला देण्यासाठी लेखी आणि तिच्या सहीचा कागद लागतो. “डिझाइन पूर्ण माझं ना?” “हो हो” एवढ्यावर तो हस्तांतरित होत नाही. संदेशात इतकंच लिहावं, की पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्कांचं पत्र सही करून देईन.

संदेश त्याच दिवशी गेलेला बरा, दोघांच्या आठवणी ताज्या असताना. उत्तर आलंच नाही तर ते मान्य धरून काम सुरू करू नये. दुसऱ्या दिवशी फोन करून ‘मान्य’ लिहून मागावं. तो “बदल तीन धरा” म्हणाला आणि तिला ते पटलं, तर खाली एका ओळीत “ठीक, तीन” लिहून सोडू नये. पूर्ण संदेश तीन फेऱ्या घालून, नव्या तारखेने पुन्हा पाठवावा आणि वर लिहावं, की आधीचा संदेश रद्द समजावा. दोन महिन्यांनी गप्पांच्या ढिगात तो शोधताना एकच सापडायला हवा.