‘शिक्षकांचा वेळ वाचेल’ म्हणून शाळेला सॉफ्टवेअर विकताय? मग मुख्याध्यापक विचारतील, नेमकी किती मिनिटं?

जून जवळ आला की कोल्हापुरातल्या शाळांच्या ऑफिसबाहेर दोन प्रकारची माणसं बसलेली दिसतात. एक म्हणजे ॲडमिशनसाठी आलेले पालक. दुसरे म्हणजे लॅपटॉपची बॅग घेऊन आलेले सॉफ्टवेअर विकणारे.

यातले बरेच जण आत गेल्यावर एकच वाक्य बोलतात. “सर, मुलांचे मार्क वाढतील.” आता मार्क वाढले की नाही हे कळायला अख्खं वर्ष जातं. वाढले तरी ते सॉफ्टवेअरमुळे, क्लासमुळे की पोरानं मनावर घेतल्यामुळे, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. मुख्याध्यापकांना हे पक्कं माहीत असतं.

म्हणून दुसरं वाक्य जास्त चालतं. “सर, तुमच्या शिक्षकांचा वर्गातला वेळ वाचेल.” हा दावा तपासायला वर्ष लागत नाही. एक घड्याळ आणि दोन आठवडे पुरतात. पण त्याच कारणानं तो खोटाही लवकर ठरतो. कसा, ते एका उदाहरणातून बघू.

समजा कोल्हापुरातली एक अनुदानित शाळा आहे. आठवीच्या वर्गात ६० मुलं आणि गणिताची तासिका ३५ मिनिटांची. सर वर्गात आले, मुलं जागेवर बसली, यात ३ मिनिटं गेली. गृहपाठाच्या वह्या बघण्यात ७ मिनिटं गेली. फळ्यावर उदाहरणं लिहून मुलांनी ती उतरवून घेण्यात ५ मिनिटं गेली. म्हणजे १५ मिनिटं संपली आणि शिकवायला उरली २०.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ‘ओईसीडी’ या संघटनेनं २०१८ मध्ये अनेक देशांतल्या शिक्षकांची पाहणी केली होती. त्यात सदस्य देशांमध्ये सरासरी ७८ टक्के वेळ प्रत्यक्ष शिकवण्यात जातो असं दिसलं. बाकीचा वेळ हजेरी, कागदपत्रं आणि वर्ग शांत करण्यात जातो. ३५ मिनिटांच्या तासिकेला हाच हिशोब लावला तर शिकवायला साधारण २७ मिनिटं मिळतात.

आता सॉफ्टवेअरवाला म्हणतो, गृहपाठ आपोआप तपासला जाईल, म्हणजे ७ मिनिटांचं १ मिनिट होईल. उदाहरणं प्रोजेक्टरवर दिसतील, म्हणजे ५ चं १ होईल. एकूण १० मिनिटं वाचली. ब्रोशरवर हाच आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो.

पण यातून वजा काय करायचं, ते ब्रोशरवर नसतं. प्रोजेक्टर सुरू करणं, लॉगिन करणं आणि धडा शोधणं यात ४ मिनिटं जातात. अधूनमधून नेट अडकतं, त्याचं सरासरी १ मिनिट धरा. १० मधून ५ गेली, हातात राहिली ५. आणि पावसाळ्यात लाईट गेली तर त्या दिवशी ही ५ पण नाहीत.

गंमत म्हणजे ही ५ मिनिटंसुद्धा कमी नाहीत. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरली पाहिजे. परीक्षा, स्नेहसंमेलन आणि बाकीचे उपक्रम वजा करून गणिताचे १८० तास धरले, तर ९०० मिनिटं होतात. म्हणजे २५ तासिका, जवळपास महिनाभराचं गणित. २०१९ च्या महापुरात शाळा बंद राहिल्याचं ज्या जिल्ह्यानं बघितलंय, तिथल्या मुख्याध्यापकांना २५ तासिकांची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

त्यामुळे शहाणा विक्रेता १० मिनिटांचा दावा करत नाही. तो वजाबाकीसकट ५ मिनिटं सांगतो. कारण १० सांगून ५ मिळाली तर शाळेला फसवल्यासारखं वाटतं. ५ सांगून ५ मिळाली तर पुढच्या वर्षीचं रिन्युअल पक्कं.

दुसरा घोळ असतो तो दोन वेगळे वेळ एकत्र मोजण्याचा. प्रश्नपत्रिका तयार करणं, मार्कांची बेरीज, निकालपत्रक ही कामं शिक्षक स्टाफरूममध्ये किंवा रविवारी घरी बसून करतात. ती हलकी झाली तर शिक्षकांचा रविवार वाचतो आणि ते चांगलंच आहे. पण त्यामुळे आठवीच्या मुलांना एक मिनिटही जास्त शिकायला मिळत नाही. ‘आठवड्याला ५ तास वाचतील’ असं कुणी म्हणालं, तर त्यातला वर्गातला वेळ किती आणि वर्गाबाहेरचा किती, हे वेगवेगळं विचारायचं.

तिसरा मुद्दा सगळ्यात नाजूक आहे, तो म्हणजे डबल एन्ट्री. शिक्षकांकडे आधीच सरकारी कामांचा ढीग आहे. ‘सरल’ आहे, ‘यूडायस प्लस’ आहे. २०२३ मध्ये राज्यात स्विफ्टचॅट ॲपवरच्या चॅटबॉटमधून हजेरी भरायची पद्धत आणली गेली, तेव्हाही शिक्षकांमध्ये ऑनलाइन कामाच्या ओझ्यावरून नाराजी होती. अशात तुमचं सॉफ्टवेअर हजेरी घेणार असेल आणि कागदी हजेरीपत्रकही चालूच राहणार असेल, तर वेळ वाचत नाही, वाढतो. म्हणून अनुभवी मुख्याध्यापक थेट विचारतात, “हे आलं की माझं कुठलं रजिस्टर बंद होणार?” उत्तर ‘कुठलंच नाही’ असेल, तर तेवढ्या कामापुरता वेळ वाचवण्याचा दावा तिथंच संपला.

गृहपाठाचंही तसंच. मुलं उत्तरं भरणार कशावर? फोन वडिलांकडे असतो आणि वडील रात्री आठला घरी येतात. ६० पैकी २० मुलांनी ऑनलाइन गृहपाठ केलाच नाही, तर सरांना २० वह्या वेगळ्या बघाव्या लागतात. मुलांच्या हातात फोन न देता चालणारे मार्गही आहेत. ‘प्लिकर्स’मध्ये प्रत्येक मुलाकडे एक छापील कार्ड असतं. उत्तर अ, ब, क की ड, त्यानुसार मूल ते कार्ड फिरवून वर धरतं आणि सर एकाच मोबाईलच्या कॅमेऱ्यानं सगळ्या वर्गाची उत्तरं टिपतात. अर्थात गणितात पायऱ्या कुठं चुकल्या हे यातून कळत नाही, त्यासाठी वही बघावीच लागते.

मग मुख्याध्यापकांसमोर मांडायचं काय? एक पान पुरे.

आधी परवानगी घेऊन आठवडाभर तासिका मोजा. बसणं, तपासणं, लिहिणं आणि शिकवणं यांची मिनिटं वेगवेगळी लिहा. मग एकच शिक्षक शिकवत असलेल्या दोन तुकड्या निवडा. आठवी अ मध्ये सॉफ्टवेअर वापरा, आठवी ब जशी आहे तशी चालू द्या. पहिला आठवडा शिकण्यात जातो, तो धरू नका. दुसऱ्या आठवड्याची मिनिटं दोन्ही तुकड्यांत मोजा. शिक्षकही कॉम्प्युटरची आवड असलेले नकोत, सर्वसाधारण निवडा. आणि मोजणी विक्रेत्यानं नाही, शाळेनंच करायची.

त्या पानावर शेवटी एक ओळ हवी. ‘तासिकेला ३ मिनिटांपेक्षा कमी वेळ वाचला, तर शाळेनं पैसे देऊ नयेत.’ अनुदानित शाळेत बऱ्याचदा मुख्याध्यापकांना हा खर्च संस्थेच्या मिटिंगमध्ये मांडावा लागतो. तिथं ‘डेमो छान होता’ म्हणून भागत नाही. ‘आपल्याच वर्गात, आपल्याच सरांनी मोजलं आणि ५ मिनिटं वाचली’ असं त्यांना सांगता आलं पाहिजे.

सॉफ्टवेअर फसतंय हे ओळखायची खूणही सोपी आहे. लॉगिनच्या तारखा काढून बघायच्या. विक्रेता शाळेत आला त्याच दिवशी वापर झालेला दिसला आणि बाकीचे दिवस कोरे असतील, तर शिक्षकांनी आपलं उत्तर देऊन टाकलंय. त्यांचा वेळ खरंच वाचत असता, तर कुणी न सांगता त्यांनी ते रोज उघडलं असतं.