आधी विचारा, उलटी किती वाजता झाली?

वस्तीत जेवणातून त्रास झाला की सगळे शेवटचा खाल्लेला पदार्थ आठवतात. आम्ही मात्र आधी वेळ विचारतो.

समजा, रविवारी बुद्ध पौर्णिमा आहे. खीर शनिवारी रात्रीच शिजवली. सुकामेवा हाताने घालताना एका ताईच्या बोटाला पिकलेली जखम होती. मोठे पातेले झाकून रात्रभर ओट्यावर राहिले. सकाळी खीर उकळून दहाला वाटली. साडेबारापासून पटापट उलट्या सुरू झाल्या, पोटात कळा आल्या, ताप मात्र फारसा नाही. दुसऱ्या दिवशी बहुतेक जण बरे झाले.

इथे संशय स्टॅफिलोकोकसवर जातो. हा जंतू नाकात, त्वचेवर, फोडाच्या पुवात असतो. कोमट खिरीत तो रात्रभर वाढतो आणि विष सोडतो. सकाळच्या उकळीने जंतू मेला, पण विष उकळून जात नाही. त्याला वास नाही, चवही नाही. पोटात तयार विषच गेल्यामुळे त्रास अर्ध्या तासापासून आठ तासांत सुरू होतो.

त्याच घरातल्या मुलीला रविवारी रात्री दहाला ताप आला, जुलाब लागले. सगळे म्हणाले, "खीरच बाधली." पण खीर खाऊन बारा तास झाले होते. शनिवारी रात्री दहाला तिने चिकन खाल्ले होते, त्याला चोवीस तास झाले. कच्चे चिकन कापलेल्या विळीवरच काकडी चिरली होती. हा बहुधा सॅल्मोनेला. तो जिवंत पोटात जातो, आतड्यात वाढतो, म्हणून त्रासाला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत वेळ लागतो. जुलाब चार ते सात दिवस टिकू शकतात. नीट शिजवल्याने हा जंतू मरतो, पण काकडी कुणी शिजवत नाही.

घड्याळ हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. शिळ्या भातातला एक जंतूही अशाच लवकर उलट्या करवतो. खात्री तपासणीनेच होते.

म्हणून काळजीही वेगवेगळी. खीर वाटण्याच्या दिवशीच करा, गरम असतानाच वाटा. उरली तर दोन तासांच्या आत पसरट भांड्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवा. हाताला फोड किंवा जखम असलेल्याने स्वयंपाकाला हात लावू नये. चिकन मात्र हाडापाशी लाल राहणार नाही इतके शिजवा. आधी कोशिंबीर चिरा, मग चिकन. विळी आणि हात साबणाने धुवा.

दोन्हींत ओआरएस द्या: मोठे पाकीट, एक लिटर उकळून गार केलेले पाणी. शौचात रक्त, जास्त ताप, लघवी कमी होणे किंवा बाळ सुस्त पडणे दिसले, तर लगेच दवाखाना गाठा. डॉक्टरांना दोन्ही वेळा सांगा: खाल्ले कधी आणि त्रास सुरू झाला कधी.