कावळे कुणाच्या पोटात ओरडले?

आम्ही वराळ्याच्या बचत गटातल्या बाया. मागच्या बैठकीत आमच्यातल्या एकीने सहावीतल्या लेकीची वही आणली होती. ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नाला पाचपैकी दोनच गुण होते. लेक म्हणत होती, “अर्थ तर पाठ होते, मग गुण का गेले?” आम्ही वही मधोमध ठेवली आणि एकेक वाक्य वाचलं.

पहिला वाक्प्रचार होता ‘पोटात कावळे ओरडणे’. अर्थ बरोबर होता : खूप भूक लागणे. वाक्य मात्र असं होतं : ‘मी पोटात कावळे ओरडलो.’ आम्ही हसलो, पण चूक कुठे आहे ते तिथेच कळलं. ओरडणारे कावळे आहेत, आपण नाही. आपलं फक्त पोट आहे. म्हणून ‘मी’ चालत नाही, ‘माझ्या’ लागतं. ‘दुपारपर्यंत भातलावणी करून आमच्या पोटात कावळे ओरडू लागले.’ वाक्प्रचाराच्या शेवटी बहुधा ‘-णे’ असतं. वाक्यात घालताना ते बदलायचं, आणि करणारं कोण हे आधी शोधायचं.

वाक्य जमलं की नाही, हे पाहायची एक सोपी रीत आहे. वाक्प्रचार काढून त्या जागी अर्थ घाला : ‘दुपारपर्यंत भातलावणी करून आम्हांला खूप भूक लागली.’ वाक्य नीट बसलं, तर उपयोग बरोबर. घरी आपण ‘कावळे कोकलतात’ असंही म्हणतो. तेही चूक नाही, पण परीक्षेत प्रश्नात दिलेलेच शब्द लिहावेत.

दुसरं वाक्य होतं : ‘साप पाहून माझ्या तोंडाला पाणी सुटले.’ इथे दोन वाक्प्रचारांची गल्लत झाली. चिंचा पाहून तोंडाला पाणी सुटतं, म्हणजे खावंसं वाटतं. साप पाहून तोंडचं पाणी पळतं, म्हणजे फार घाबरायला होतं. एक पाणी येतं, एक जातं. मुलांना असे जोडीनेच विचारा, म्हणजे गोंधळ राहत नाही.

तिसरी होती म्हण : ‘शितावरून भाताची परीक्षा’. लेकीने लिहिलं, ‘आई शितावरून भाताची परीक्षा करते.’ हे खरं आहे, आपण रोज शीत चेपून बघतो. पण गुण मिळत नाहीत, कारण इथे भात म्हणजे भातच राहिला. थोड्यावरून सगळ्याची पारख होते, हा म्हणीचा अर्थ. मग प्रसंग दुसरा हवा : ‘नव्या दुकानदाराने पहिल्याच किलोला वजनात मारलं. शितावरून भाताची परीक्षा, म्हणून गटाने त्याच्याकडून वर्षाचं सामान घेतलं नाही.’ म्हण आहे तशीच ठेवायची, तिचे शब्द बदलायचे नाहीत. आधी प्रसंग सांगायचा आणि मग ती जोडायची.

काही वाक्प्रचारांचा अर्थ नुसत्या शब्दांवरून लागत नाही, त्यामागची गोष्ट माहीत हवी. ‘ध चा मा करणे’ असाच आहे. पुण्याच्या शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चिठ्ठीतल्या ‘धरावे’ या शब्दाचं आनंदीबाईंनी ‘मारावे’ केलं, अशी कथा सांगतात. ती कथाच आहे, पण वाक्प्रचार तिच्यावरूनच पडला. अर्थ : एखादं अक्षर बदलून मूळ मजकुराचा अर्थच फिरवणे. वाक्य : ‘ठरावातल्या ‘कर्ज देऊ नये’ याचं ‘कर्ज देऊ’ करून कुणीतरी ध चा मा केला.’

शेवटी आम्ही त्या लेकीला ‘हात’ दिला. ‘हात देणे’ म्हणजे मदत करणे, ‘हात टेकणे’ म्हणजे हार मानणे. तिने लगेच लिहिलं, ‘गणित सोडवताना मी हात टेकलो.’ आम्ही म्हटलं, पुन्हा वाच. टेकले काय? हात. म्हणून ‘मी हात टेकले’. तिने खोडून नीट लिहिलं.

आज संध्याकाळी भाकरी थापताना मुलांना विचारा : ‘हातावर तुरी देणे’ म्हणजे काय? ‘फसवून निसटणे’ असं आलं, तर अर्थ बरोबर. मग वाक्य करायला सांगा आणि त्यात कोण निसटलं, कुणाच्या हातावर तुरी दिल्या, हे दोन्ही दिसतंय का, ते पाहा. आमच्या लेकीचं वाक्य होतं : ‘पोलिसांच्या हातावर तुरी देऊन चोर पळाला.’